सोलकढीत लपलेला आंबटपणा: मे महिन्यातल्या नारळाच्या रसाचं एक प्रकरण

मालवणजवळच्या एका गावातलं पाच खोल्यांचं घरगुती निवास. मे महिन्यात एका रात्री जेवणानंतर तीन-चार तासांत तिथल्या चार पाहुण्यांना उलट्या सुरू झाल्या, त्यातल्या दोघांना पुढे जुलाबही झाले. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी आणि विश्रांती एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चौघं सावरले. घरच्या काकूंचा पहिला संशय माशांवर गेला. माझं शिक्षण अन्नप्रक्रियेतलं आणि काकूंशी जुना घरोबा, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. "बांगडे सकाळचे होते, डोळे बघून घेतले होते," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

अशा वेळी पदार्थाच्या आधी माणसं मोजावीत. कोणी काय खाल्लं ते प्रत्येकाला विचारून लिहून काढलं. रात्री अकरा जण जेवले होते आणि बांगड्याचं तिखलं अकराही जणांनी खाल्लं होतं. सोलकढी मात्र सात जणांनी घेतली होती. आजारी पडलेले चौघं त्या सातांतले होते, कढी न घेतलेल्या चौघांना काहीही झालं नव्हतं. दुपारच्या जेवणात त्याच रसाची कढी पुष्कळांनी प्यायली होती, पण ज्यांनी फक्त दुपारीच घेतली त्यांची काही तक्रार नव्हती. कढीचा नमुना उरला नव्हता, त्यामुळे प्रयोगशाळेकडून पुरावा मिळणं शक्य नव्हतं. तरीही बोट नारळाच्या रसाकडेच जात होतं, आणि दुपार ते रात्र या वेळात त्या रसाचं काय झालं ते शोधायचं होतं.

काकू ऐकायला तयार नव्हत्या. "कढी नासलेली असती तर मला कळलं नसतं? चाखून बघितली होती मी. नेहमीसारखीच आंबट होती." या एका वाक्यातच सगळ्या प्रकरणाची किल्ली होती, पण ती मला थोडी उशिरा दिसली.

आधी त्या दिवसाचा क्रम सांगते. पहाटे साडेपाचला नऊ नारळ फोडले. सासू-सुनेने मिळून आडाळ्यावर खवले. थोडा चव, म्हणजे खवलेलं खोबरं, भाजीवर घालायला बाजूला काढला, थोडा तिखल्याच्या वाटपासाठी, आणि उरलेला सगळा रसासाठी. मिक्सरमध्ये कोमट पाणी घालून चव फिरवला, पंच्यातून पिळून जाड रस काढला, मग तोच चोथा पुन्हा पाणी घालून फिरवला आणि पातळ रस काढला. दोन्ही मिळून चार लिटर रस झाला. तो एका खोल पातेल्यात ओतून सात वाजता फ्रीजमध्ये ठेवला. फ्रीज पाण्याच्या बाटल्या, दूध आणि मासे यांनी गच्च भरलेला होता. सकाळी साडेदहाला वीज गेली ती दीडला आली. दुपारच्या जेवणासाठी अर्धा रस काढला आणि त्यात कोकमाचं आगळ, मीठ, लसूण, मिरची, कोथिंबीर घालून कढी केली. उरलेला रस जेवणं उरकेपर्यंत ओट्यावरच राहिला, कारण "आणखी लागली तर" हा प्रश्न होता. अडीच-तीनला पातेलं परत फ्रीजमध्ये गेलं. रात्री आठला त्यात आगळ घालून कढी केली आणि साडेआठला वाढली.

म्हणजे पिळल्यापासून रात्रीच्या ताटापर्यंत साडेतेरा तास गेले होते. काकूंच्या हिशेबात त्यातले बहुतेक तास फ्रीजमधले असल्यामुळे ते धरायचेच नव्हते. मी तो हिशेब तपासायचं ठरवलं. त्याच पातेल्यात रसाइतकं कोमट, ३६ अंशांचं पाणी भरलं, त्याच फळीवर ठेवलं आणि मधोमध थर्मामीटर सोडला. फ्रीजच्या आतलं तापमान ९ अंश निघालं. इतका भरलेला आणि दर दहा मिनिटांनी उघडला जाणारा फ्रीज मे महिन्यात त्याहून थंड राहत नाही. तीन तासांनी पातेल्याच्या मध्यभागी २२ अंश होते! चार लिटरच्या खोल भांड्यातली ऊब बाहेर पडायला वाट फार थोडी असते. फ्रीज चांगला ४ अंशांवर असला तरी असं भांडं ५ अंशांवर यायला रात्र उलटून जाते. त्या दिवशी तर साडेतीन तासांनी वीज गेली, म्हणजे रस थंड होण्याआधीच फ्रीज बंद पडला. मग तो ओट्यावर ३३-३४ अंशांत पुन्हा तापला. तो रस खऱ्या अर्थाने थंड असा एक तासही नव्हता.

नारळाच्या रसाला हे का सोसत नाही ते समजून घ्यायला हवं. अख्ख्या, न तडकलेल्या नारळात आतलं खोबरं जवळपास निर्जंतुक असतं. फोडल्याबरोबर कोयता, करवंटीची पूड, हात, आडाळ्याचं पातं, मिक्सरचं भांडं आणि पिळायचा पंचा या सगळ्यांचे जंतू त्याला लागतात. खवल्यावर पृष्ठभाग कितीतरी पटीने वाढतो आणि प्रत्येक कणावर ओलावा असतो. रस काढला की त्यात पाणी, थोडी साखर, थोडी प्रथिनं आणि जवळजवळ न आंबट, न अल्कधर्मी असं, ६ च्या आसपासचं सामू मिळतं. जंतूंना याहून जास्त काही लागत नाही. कोकणातल्या मे महिन्याच्या उकाड्यात काही जंतू वीस ते तीस मिनिटांत दुप्पट होतात. अर्धा तास धरला तरी सहा तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे चार हजारांहून अधिक. म्हणूनच ओट्यावरचा कच्चा रस दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि स्वयंपाकघर ३२ अंशांच्या वर असेल तर तासाच्या आत वापरावा किंवा थंड करावा. चवाला थोडी जास्त सवड असते, पण फार नाही.

या घरात सर्वात वाईट गोष्ट पंचा होती. दिसायला तो स्वच्छ, रोज धुतला जाणारा. पण पिळून झाल्यावर तो नळाखाली खळबळून न्हाणीच्या दांडीवर टाकला जायचा आणि समुद्राजवळच्या दमट हवेत दुसऱ्या पहाटेपर्यंत पुरता वाळायचाच नाही. कापडाच्या धाग्यांत खोबऱ्याचा स्निग्धांश अडकतो, त्याला आदल्या दिवशीचा वास येतो, आणि त्यावर दुसऱ्या दिवशीचा रस ओतला जातो. मी तो पंचा नाकाशी धरायला दिला तेव्हा सुनेने लगेच तोंड फिरवलं.

आता काकूंच्या वाक्याकडे येते. नासलेला नारळाचा रस माणूस कशाने ओळखतो? आंबट वासाने आणि आंबट चवीने. रस आमटीत किंवा खिरीत जाणार असेल तर हा इशारा सहज कळतो. सोलकढीत मात्र आपणच आमसुलाचा किंवा आगळाचा भरपूर आंबटपणा घालतो, वर लसूण आणि मिरचीचा उग्र वास. रात्री आठला काकूंनी आगळ घातलेल्या कढीची चव घेतली, नुसत्या रसाची नाही. कढी आंबट लागली, आणि कढी आंबट लागणारच. रस आंबलेला असेल तर तो आंबटपणा आगळाच्या आंबटपणात पूर्ण झाकला गेला. त्यात कढी हा असा पदार्थ की जो शिजत नाही. त्याच सकाळी काढलेला वाटपाचा चव तिखल्यात जाऊन खदखदला, कढीचा रस मात्र पिळल्यापासून पेल्यापर्यंत एकदाही तापला नाही.

आणखी एक गोंधळ होता, तो उलट्या दिशेचा. दुपारी पातेलं काढताना काकूंना रसावर जाड पांढरा थर आणि खाली पाणीदार भाग दिसला, म्हणून त्या थोड्या साशंक झाल्या होत्या. पण हे नासण्याचं लक्षण नाही. नारळाचा रस ठेवला की जाड भाग वर येतो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणून थंडीत तो थर घट्ट गोळ्यांसारखाही होतो. ढवळलं, थोडं कोमट केलं की एकजीव होतो. खरं लक्षण फेसात असतं. मिक्सरमुळे येणारा फेस वरचा असतो, काढून टाकला की संपतो. आंबणाऱ्या रसात फेस काढून पाच-दहा मिनिटं थांबलं तर खालून बारीक बुडबुडे पुन्हा वर येतात. चवाच्या बाबतीत बोटांना लागणारा बुळबुळीतपणा, ओढला की तार सुटल्यासारखं वाटणं, गुलाबी किंवा पिवळट डाग, ताडीसारखा वास ही लक्षणं. खवटपणा वेगळा असतो. त्यात स्निग्धांश फुटून साबणासारखी, घशाला लागणारी चव येते. तो बहुधा जुन्या किंवा नीट न ठेवलेल्या नारळाचा असतो आणि उकळून जात नाही.

मात्र लक्षणं दिसली नाहीत म्हणजे रस ठीक, असं उलट म्हणता येत नाही. उलट्या करणारे जंतू अनेकदा वास-चव न बदलताच वाढतात. जेवणानंतर तीन-चार तासांतच उलट्या सुरू झाल्या यावरून अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा मला दाट संशय आला. माणसाच्या हातावर, नाकात असणारे काही जंतू असं विष बनवतात आणि ते उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून "आता रस गरम करून वापरू" हा उपाय तासन्‌तास बाहेर राहिलेल्या रसाला लागू पडत नाही. इंडोनेशियात हाच धडा फार मोठ्या किमतीने शिकला गेला. जावा बेटावर नारळाच्या चोथ्यापासून आंबवून केला जाणारा टेंपे बोंग्क्रेक हा पदार्थ. आंबवताना त्यात एक विशिष्ट जंतू शिरला तर असं विष तयार होतं जे शिजवूनही टिकतं. त्यात अनेक माणसं दगावली आणि १९८८ मध्ये तिथल्या सरकारने त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. आपल्याकडे चोथा मुद्दाम असा आंबवत नाहीत, पण या घरात चोथा दिवसभर उघड्या परातीत ठेवून संध्याकाळी त्याची सुकी चटणी करायची पद्धत होती. ती बंद करायला सांगितली. चोथा ताजा असताना लगेच कढईत भाजला तर चटणी करता येते, नाहीतर तो झाडाच्या आळ्यात घालावा.

मग काय बदललं ते सांगते, कारण काकूंना रोज पंधरा-वीस माणसांची कढी करायचीच होती आणि "प्रत्येक वेळी ताजा नारळ फोडा" हे सांगणं सोपं असलं तरी दोघींच्या हातांना ते झेपणारं नव्हतं.

पहिला बदल असा, की साठवायचा असेल तर रस नको, चव साठवायचा. नारळ फोडले की खवून लगेच एका जेवणाला लागेल एवढ्या चवाच्या चपट्या पिशव्या भरायच्या, बोटाच्या जाडीच्या, हवा दाबून काढलेल्या, आणि थेट फ्रीझरमध्ये एकावर एक न रचता पसरून ठेवायच्या. गोठल्या की मग रचायला हरकत नाही. उणे १८ अंशांवर चव दोन-तीन महिने चांगला राहतो, पिशवीवर तारीख लिहायची. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फ धरतो म्हणजे ते तापमान असतंच असं नाही, म्हणून काकूंनी महिन्याची मर्यादा घातली आणि मला ती योग्य वाटली. खालच्या कप्प्यात चव ठेवायचा तर तो दोन-तीन दिवसांत संपवायचा, आणि तेही फ्रीज ५ अंशांच्या खाली असेल तर. ज्यांना रोज एकाच नारळाची गरज असते त्यांनी अर्धी वाटी न खवता तशीच ठेवावी, कोरड्या डब्यात. वाटी खवल्यापेक्षा बरीच जास्त टिकते.

गोठलेला चव ओट्यावर सोडून वितळवायचा नाही. मिक्सरमध्ये तसाच घालून कोमट पाणी ओतलं की तो मऊ होतो आणि रसही भरपूर सुटतो. अगदी गार पाण्यात रस कमी निघतो, कारण स्निग्धांश गोठलेलाच राहतो. कोमट पाण्याला पर्याय नाही, पण मग रस थंड करण्याची घाई आपल्यावर येते. इथेच दुसरा बदल: रस खोल पातेल्यात भरायचा नाही. पिळल्याबरोबर रुंद, उथळ स्टीलच्या भांड्यात दोन-तीन बोटं उंचीचा ओतायचा, ते भांडं बर्फ घातलेल्या पाण्याच्या परातीत ठेवायचं आणि ढवळायचं. लिटरभर रस पंधरा-वीस मिनिटांत चांगला गार होतो. मगच झाकून फ्रीजमध्ये ठेवायचा. त्यामुळे फ्रीजवर भार कमी पडतो आणि शेजारचं दूधही वाचतं.

तिसरा बदल सोलकढीपुरता आहे आणि मला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो: आगळ उशिरा नाही, लवकर घालायचं. रस गार झाला की त्याच वेळी आगळ आणि मीठ घालून कढी तयार करून ठेवली तर तिचा आंबटपणा बहुतेक जंतूंची वाढ मंदावतो. थर वेगळे झाले तर वाढण्याआधी ढवळायची. यात दोन अटी आहेत. आगळ रंगापुरतं नको, कढी चांगली आंबट हवी. आणि आंबटपणाने जंतू मंदावतात, सगळे मरत नाहीत, म्हणून ही कढीसुद्धा फ्रीजमध्येच आणि त्याच दिवशी संपवायची. सकाळी आगळ न घालता रस ठेवून रात्री आगळ घालणं यात दोन्हीकडून नुकसान होतं. दिवसभर आम्लाचं संरक्षण मिळत नाही, आणि रात्री नासल्याची खूण मात्र झाकली जाते. चव घ्यायची ती आगळ घालण्याआधी, नुसत्या रसाची. ताजा रस किंचित गोड लागतो. तो गोडवा गेला असेल तर पुढे काही घालू नये.

तिखल्यासाठी किंवा आमटीसाठी रस काही तास ठेवायचाच झाला तर तो मंद आचेवर, सतत ढवळत ७५ अंशांपर्यंत तापवून मग बर्फात गार करावा. उकळी आली तर प्रथिनं गोळा होऊन रस फुटतो, म्हणून कडेला बुडबुडे दिसू लागले की थांबायचं. असा रस फ्रीजमध्ये दोन दिवस चालतो, कच्चा मात्र दिवसभराच्या वर नको. तापवलेल्या रसाची कढी कोकणातल्या जिभेला लगेच ओळखू येते, म्हणून कढीसाठी हा उपाय सुचवत नाही. भाजून केलेलं कांदा-खोबऱ्याचं वाटप मुळात कोरडं आणि शिजलेलं असल्याने फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतं, त्यावर इथे जास्त बोलत नाही.

पंच्याऐवजी दोन सुती फडकी आणली. वापरून झालं की साबणाने धुवायचं, पाच मिनिटं उकळायचं आणि उन्हात वाळवायचं. एक वापरात, एक वाळत. मिक्सरच्या भांड्याचं रबर काढून धुवायचं, तिथे चव अडकतो.

वीज जाण्याचा प्रश्न उरतो. फ्रीज न उघडता बंद ठेवला तर खालचा कप्पा साधारण चार तास गारवा धरतो, भरलेला फ्रीझर त्याहून पुष्कळ जास्त. वीज आल्यावर पिशवीत बर्फाचे कण हाताला लागत असतील आणि चव पुरता गार असेल तर तो पुन्हा गोठवायला किंवा त्याच दिवशी शिजवायला हरकत नाही, थोडी चव उतरते एवढंच. पिशवी मऊ आणि कोमट लागली तर टाकून द्यावी. ती पुन्हा गोठवून "जंतू मरतील" असं धरणारे पुष्कळ भेटतात. तसं होत नाही. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात पटकीचे रुग्ण आढळले आणि शोध थायलंडहून आयात केलेल्या गोठवलेल्या नारळाच्या दुधापाशी पोचला. समुद्रापलीकडचा प्रवास बर्फात करूनही तो जंतू जिवंत राहिला होता. गोठवणं म्हणजे जंतूंना थांबवणं, म्हणून गोठवताना जे आत गेलं तेच वितळल्यावर बाहेर येतं.

काकूंनी फ्रीजमध्ये आता शंभर-दीडशे रुपयांचा थर्मामीटर लावला आहे आणि मे महिन्यात पाण्याच्या बाटल्या वेगळ्या माठात आणि बर्फपेटीत ठेवतात, त्यामुळे फ्रीज ५ अंशांवर येतो. रात्री उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्या कधी कधी नारळाच्या दुधाचं तयार खोकं वापरतात. बंद खोकं बाहेर महिनोन्‌महिने टिकतं, कारण त्यातलं दूध कारखान्यात कडक तापवून निर्जंतुक भरलेलं असतं. पण कात्री लागली की ते आणि घरी पिळलेला रस यांत फरक उरत नाही: उरलेलं दूध खोक्यात न ठेवता झाकणाच्या काचेच्या बरणीत ओतून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि खोक्यावर लिहिलेल्या मुदतीत संपवायचं.